जाड शाफ्टचा पीळ आणि हातातला दांडा

एका लहानशा कालव्याच्या मुखाशी बसविलेल्या लोखंडी दाराचे गिअरयंत्र चालविणाऱ्या मंडळींची तक्रार अशी होती की, दार गाळात रुतलेले असले म्हणजे दांड्यावर जोर दिल्याबरोबर दांडा बराच खाली जातो, दार मात्र जागचे तसूभरही हलत नाही, आणि जोर सोडताच दांडा मुकाट्याने पूर्वस्थितीला येतो. जणू काही मध्ये कोठे तरी एखादी स्प्रिंगच दडवून ठेवलेली आहे. तेथल्या मिस्तरीने यंत्र न्याहाळून पाहिले, आणि दांड्याकडचा शाफ्ट बारीक व दाराकडचा जाड, तेव्हा पीळ खाणारा तो बारीकच असला पाहिजे, असा स्वाभाविक निष्कर्ष काढून २० मिलिमीटर व्यासाचा तो शाफ्ट उतरवून त्या जागी २५ मिलिमीटरचा चढविला. खर्च झाला, दोन दिवसांचे श्रम झाले, आणि दांड्याचे खाली जाणे सहा अंशांवरून पाच अंशांवर आले. उरलेले पाच अंश कोठून येतात, हा प्रश्न घेऊन तेथील एक तरुण मदतनीस माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्याबरोबर बसून जो हिशेब मी मांडला, तोच येथे वाचकांपुढे सविस्तर ठेवीत आहे. कारण मिस्तरीची चूक ही अडाणीपणाची नव्हती, चांगल्या शिकलेल्या माणसाकडूनही घडावी अशी होती.

प्रथम यंत्राचा तपशील. मूळच्या रचनेत दांड्याकडचा शाफ्ट २० मिलिमीटर व्यासाचा आणि ६०० मिलिमीटर लांबीचा. त्याच्या आतल्या टोकावर २५ दात्यांचा लहान गिअर. त्याच्याशी जुळणारा मोठा गिअर ७५ दात्यांचा. तो दुसऱ्या, म्हणजे ३० मिलिमीटर व्यासाच्या व ९०० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टवर बसविलेला, आणि या शाफ्टचे पलीकडचे टोक दार उचलणाऱ्या ढोलाला जोडलेले. दोन्ही गिअर २ मॉड्यूलचे असल्यामुळे लहान गिअरच्या पिच वर्तुळाची त्रिज्या २५ मिलिमीटर आणि मोठ्याची ७५ मिलिमीटर येते. दांडा अर्धा मीटर लांब असून त्याच्या टोकाशी माणूस साधारण १२ किलो वजनाइतका जोर देतो असे धरले, तर शाफ्टवर सुमारे ६० न्यूटन-मीटरचे पिळणारे परिबल येते. त्यालाच कारखान्यात सरसकट टॉर्क म्हणतात, आणि मीही पुढे तोच शब्द वापरीन. दार रुतलेले आहे, म्हणून जाड शाफ्टचे ढोलाकडचे टोक पक्के आवळल्यासारखे स्थिर आहे असे समजावयाचे.

आता टॉर्कची वाटचाल पाहू. बारीक शाफ्टच्या अंगात सर्वत्र तोच ६० न्यूटन-मीटरचा टॉर्क आहे, परंतु गिअरच्या पलीकडे तो तसाच जात नाही. एका गिअरकडून दुसऱ्याकडे जे संक्रमित होते ते बल असते. दात्याने दात्याला दिलेला रेटा, आणि तो दोन्ही गिअरवर परिमाणाने सारखा व दिशेने उलट असतो, एवढीच हमी निसर्ग देतो. लहान गिअरवर हा रेटा ६० ला ०.०२५ ने भागून, म्हणजे २४०० न्यूटन येतो. हाच रेटा मोठ्या गिअरवर ७५ मिलिमीटरच्या त्रिज्येवर पडतो, म्हणून जाड शाफ्टमधील टॉर्क २४०० गुणिले ०.०७५, म्हणजे १८० न्यूटन-मीटर भरतो. सारांश, गिअरचे प्रमाण एकास तीन असेल तर मोठ्या गिअरच्या शाफ्टवर तिप्पट टॉर्क. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, दोन्ही शाफ्टच्या व्यासांचा या वाटणीशी काडीचाही संबंध नाही. टॉर्क किती वाढेल वा घटेल हे केवळ गिअरच्या त्रिज्यांवर, किंवा त्याच प्रमाणात असणाऱ्या दात्यांच्या संख्येवर ठरते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत मी अनेकदा पाहिले आहे की, विद्यार्थी शाफ्टचा व्यास आणि गिअरचा व्यास यांची गल्लत करून २० आणि ३० यांच्या गुणोत्तराने टॉर्क वाढवितो, आणि पुढचा सारा हिशेब बिनचूक करूनही उत्तर वाया घालवितो.

मिस्तरीच्या मनात जी शंका असावी ती बळकटीची होती; तेव्हा तिचाही निकाल लावून टाकू. भरीव वर्तुळाकार शाफ्टच्या पृष्ठभागावरील कर्तन प्रतिबल खालील सूत्राने मिळते:

τ = 16T / (πd³)

बारीक शाफ्टमध्ये हे प्रतिबल चौरस मिलिमीटरला सुमारे ३८ न्यूटन येते आणि जाड शाफ्टमध्ये सुमारे ३४. साध्या नरम पोलादाला हे दोन्ही आकडे सोसण्याजोगे आहेत. खाचेपाशी, जेथे चावी बसते, तेथे प्रतिबल अधिक होते खरे, पण तेवढी सवलत येथे आहे. बळकटीच्या दृष्टीने पाहता जाड शाफ्टवर तिप्पट टॉर्क असूनही तो किंचित निर्धास्त आहे, आणि ज्या कोणी हे यंत्र आखले त्याने ३० मिलिमीटर हा व्यास याच हिशेबाने ठरविला असावा, असा माझा तर्क आहे. कारण तिप्पट टॉर्क तेवढ्याच प्रतिबलाने सोसावयाचा तर व्यास तीनच्या घनमूळाच्या पटीने वाढवावा लागतो, आणि २० ला १.४४ ने गुणले असता २८.८ येतात, बाजारात मिळणारा त्याच्या वरचा सोयीचा व्यास ३०. आखणी करणाऱ्याने आपले कर्तव्य प्रामाणिकपणे बजावले होते. त्याने फक्त एकच प्रश्न विचारला, आणि दुसरा विचारावयाचा राहिला.

तो दुसरा प्रश्न पीळकोनाचा. शाफ्टचे एक टोक दुसऱ्याच्या मानाने किती वळले, हे सांगणारे सूत्र असे:

φ = TL / (GJ),  J = πd⁴ / 32

यात L ही लांबी, J हे छेदाचे ध्रुवीय निरूढी परिबल आणि G हा पोलादाचा दृढता मापांक. तो सुमारे ८०,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात. कोन येतो तो रेडियनमध्ये, आणि त्याचे अंश करावयाचे तर ५७.३ ने गुणावे लागते. पीळ लांबीच्या सम प्रमाणात आणि व्यासाच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो ही गोष्ट फ्रान्समधील कूलोम याने १७८४ साली तारांवरील प्रयोगांनी दाखवून दिली होती; ज्याच्या नावाने आपण विद्युतभार मोजतो तोच हा गृहस्थ, आणि विजेवरील प्रयोगांसाठी त्याने जो नाजूक तराजू बनविला त्याचे मर्म म्हणजे पीळ खाणारी एक तारच होती.

सूत्र सोपे आहे. अवघड आहे ती हिशेबाची सुरुवात कोठून करावी ही गोष्ट. बहुतेक जण दांड्यापासून निघतात, कारण जोर तेथे आहे. परंतु टॉर्क जरी दांड्याकडून दाराकडे मोजीत गेलो, तरी कोन मात्र उलट दिशेने, म्हणजे जे टोक स्थिर आहे तेथून सुरू करून दांड्याकडे मोजीत यावे लागते. कारण कोन हा सापेक्ष असतो, आणि ज्याच्या सापेक्ष मोजावयाचा ते टोक जागचे हलत नाही याची खात्री एकट्या ढोलाकडच्या टोकाचीच आहे. टॉर्क जाताना मोजावा आणि कोन परतताना, हे इतके ध्यानात ठेवले तर या विषयातील निम्म्या चुका आपोआप टळतात.

तर मग ढोलाकडून निघू. जाड शाफ्टचे J सुमारे ७९,५०० येते. त्यावर १,८०,००० न्यूटन-मिलिमीटर टॉर्क आणि ९०० मिलिमीटर लांबी, म्हणून मोठा गिअर ढोलाच्या मानाने ०.०२५५ रेडियन, म्हणजे १.४६ अंश वळतो. हा झाला गिअरपाशी आलेला पीळकोन. येथवर आल्यावर लहान गिअरकडे जावयाचे आहे, आणि हीच ती खिंड आहे जेथे वाट चुकते. दोन गिअरांची पिच वर्तुळे एकमेकांवर न घसरता लोळतात, अर्थात एकाच्या परिघावरून कमानीची जितकी लांबी सरकली तितकीच दुसऱ्याच्या परिघावरून सरकली पाहिजे. मोठा गिअर १.४६ अंश वळला तेव्हा त्याच्या परिघावर ७५ गुणिले ०.०२५५, म्हणजे सुमारे १.९ मिलिमीटर कमान सरकली, तीच १.९ मिलिमीटर कमान लहान गिअरवर, २५ मिलिमीटर त्रिज्येवर, सरकावयाची तर त्याला तिप्पट, म्हणजे ४.३८ अंश वळावे लागते. टॉर्क लहान गिअरकडून मोठ्याकडे जाताना तिप्पट झाला, आणि कोन मोठ्याकडून लहानाकडे येताना तिप्पट झाला. जो विद्यार्थी ‘टॉर्कला तीनाने गुणले, तेव्हा कोनाला तीनाने भागावे’ असे तोंडपाठ करतो, तो कोणत्या दिशेने चाललो आहोत हे विसरला की उलटा गुणाकार करून बसतो आणि ४.३८ च्या जागी अर्धा अंशही न भरणारा कोन मांडतो. कमानीची लांबी सारखी, एवढे चित्र डोळ्यांपुढे असले तर पाठांतराची गरजच राहत नाही.

आता लहान गिअरपासून दांड्यापर्यंत बारीक शाफ्ट स्वतः किती पीळ खातो ते पाहावयाचे. त्याचे J सुमारे १५,७०० आहे; टॉर्क ६०,००० न्यूटन-मिलिमीटर, लांबी ६०० मिलिमीटर; उत्तर १.६४ अंश. दोहोंची बेरीज ६.०२ अंश, आणि दांडा पाहणाऱ्या मंडळींचे सहा अंश ते हेच. येथे काही चाणाक्ष वाचक शंका घेतील की, बाहेरून जुळणारे गिअर परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, तेव्हा एका शाफ्टचा कोन दुसऱ्यातून वजा करावयास नको काय? नको. मोठा गिअर उलट वळला हे खरे, पण त्याच्या उलट वळण्यामुळे लहान गिअर पुन्हा उलटला, आणि तो ज्या दिशेला वळला ती दिशा दांडा ढकलण्याचीच आहे. जोर देणाऱ्याला दोन्ही शाफ्ट नमताना वाटतात. एक नमावा आणि दुसऱ्याने त्याची भरपाई करावी, असे दयाळू यंत्र जगात नाही.

या सहा अंशांत बारीक शाफ्टचा वाटा केवळ १.६४ अंशांचा, आणि जाड शाफ्टचा ४.३८ अंशांचा, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश. मिस्तरीने बारीक शाफ्ट २५ मिलिमीटरचा केला तेव्हा त्याचा स्वतःचा पीळ १.६४ वरून ०.६७ अंशावर आला, आणि हा काही लहान फरक नव्हे. पण ज्या खात्यात मुळातच थोडी रक्कम होती तेथे काटकसर करून घरखर्च कितीसा कमी होणार?

जाड शाफ्ट स्वतंत्रपणे पाहिला तर तो बारकापेक्षा ताठच आहे. एक रेडियन पीळ देण्यास बारकाला सुमारे २,०९० न्यूटन-मीटर टॉर्क लागेल आणि जाडाला सुमारे ७,०७०, असा त्यांच्या ताठपणाचा हिशेब येतो. म्हणजे जाड शाफ्ट जवळजवळ साडेतीन पट ताठ. परंतु दांड्याच्या जागी उभे राहून पाहिले असता चित्र पालटते. गिअरने जाड शाफ्टवरील टॉर्क तिप्पट केला, म्हणून त्याचा पीळ तिप्पट झाला. आणि तो तिप्पट पीळ दांड्याकडे येताना गिअरने पुन्हा तिप्पट केला. तीन त्रिक नऊ. दांड्यावरून पाहता जाड शाफ्टचा ताठपणा नऊ पट घटतो आणि ७,०७० चे केवळ ७८५ उरतात. गिअरचे प्रमाण n असेल तर पलीकडच्या शाफ्टचा ताठपणा अलीकडून n² ने भागलेला भासतो, हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि तो मिस्तरीच्या नजरेस दिसण्याजोगा नव्हता, कारण डोळ्यांना व्यास दिसतो, गिअरने केलेला दोन वेळचा गुणाकार दिसत नाही.

यातूनच व्यास ठरविण्याचा एक नियम निघतो, जो मी माझ्या विद्यार्थ्यांकडून नेहमी स्वतः काढून घेत असे. वर आपण पाहिले की, दोन्ही शाफ्टवर सारखे प्रतिबल यावे असे वाटत असेल तर व्यासांचे गुणोत्तर गिअर-प्रमाणाच्या घनमूळाइतके असावे. परंतु दोन्ही शाफ्टच्या प्रत्येक मिलिमीटरने दांड्याच्या पिळात सारखा वाटा उचलावा असे वाटत असेल, तर जाडाचे J बारकाच्या नऊ पट असावयास हवे, आणि J व्यासाच्या चतुर्थ घाताबरोबर वाढत असल्यामुळे व्यासांचे गुणोत्तर नऊच्या चतुर्थमूळाइतके, म्हणजेच तीनच्या वर्गमूळाइतके, १.७३ यावे, तेव्हा २० च्या जोडीला ३४.६ मिलिमीटर. बळकटी घनमूळ मागते आणि ताठपणा वर्गमूळ मागतो. तीनसारख्या लहान प्रमाणात हे अंतर २८.८ आणि ३४.६ इतकेच आहे, परंतु प्रमाण आठ असेल तर बळकटी व्यास दुप्पट करून समाधान पावते आणि ताठपणाला २.८३ पट हवा असतो. म्हणून जेथे प्रमाण मोठे तेथे केवळ प्रतिबल पाहून आखलेला शाफ्ट तुटत नाही, पण लवचिक राहतो.

आता उपाय. पहिला जो कोणाच्याही मनात येईल तो अधिक चांगल्या पोलादाचा. तो येथे सर्वस्वी निरुपयोगी आहे. निकेल-क्रोमचे महागडे पोलाद घेतले काय किंवा पाणी देऊन कठीण केलेले घेतले काय, त्याची तुटण्याची मर्यादा वाढते, पण दृढता मापांक जवळजवळ तेवढाच राहतो, आणि पीळकोनाच्या सूत्रात केवळ मापांकालाच प्रवेश आहे. दुसरा उपाय जाड शाफ्ट आणखी जाड करण्याचा: ३० चा ३५ मिलिमीटर केला तर त्याचा वाटा ४.३८ वरून २.३६ अंशांवर येतो आणि एकूण ६.०२ चे ४.०० होतात. तेच पाच मिलिमीटर मिस्तरीने बारकावर चढविले होते तेव्हा एक अंशही धड वाचला नव्हता. मात्र न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, जाड शाफ्टला पाच मिलिमीटर वाढविण्यास पावणेदोन किलोहून थोडे अधिक पोलाद लागते आणि बारकाला एक किलोही लागत नाही. वाचलेल्या प्रत्येक अंशामागे वजनाच्या हिशेबाने दोन्ही उपायांची किंमत जवळजवळ सारखीच पडते. जाडाची महती एवढीच की, जेथे पीळ अधिक आहे तेथे तो कमी करण्यास जागाही अधिक आहे.

तिसरा उपाय मला सर्वांत पसंत पडला, आणि तो पोलाद वाढवीत नाही, उलट वाचवितो. दोन्ही शाफ्टच्या एकेका मिलिमीटरने दांड्यावर किती पीळ पाठविला हे ताडून पाहिले, तर ३० मिलिमीटरच्या शाफ्टचा मिलिमीटर २० मिलिमीटरच्या शाफ्टच्या मिलिमीटरपेक्षा पावणेदोन पटींहून थोडा अधिकच पीळ पाठवितो असे आढळते. मग लांबचा प्रवास बारकाकडून का करवून घेऊ नये? गिअरची जोडी दांड्यापाशी न ठेवता ढोलापाशी नेली, बारीक शाफ्ट ६०० चा १३५० मिलिमीटर केला आणि जाडाचा केवळ १५० मिलिमीटरचा तुकडा ठेवला, तर बारकाचा वाटा ३.६९ अंश, जाडाचा ०.७३ अंश, आणि एकूण ४.४२ अंश होतो. एकही शाफ्ट जाड केला नाही, सुमारे सव्वादोन किलो पोलाद वाचले, आणि दीड अंशाहून अधिक पीळ गेला. बारकाला मध्ये एक जास्तीचे बेअरिंग द्यावे लागते, नाहीतर एवढा लांब शाफ्ट स्वतःच्या वजनाने लवेल व फिरताना थरथरू लागेल. पण तो खर्च शाफ्टच्या खर्चापुढे क्षुल्लक आहे. टॉर्क मोठा करण्याचे काम शक्य तितके कामाच्या ठिकाणाजवळ करावे, ही रीत पिळाच्या दृष्टीने किती शहाणपणाची आहे याचा हा एक दाखला.

एवढे आकडे कागदावर मांडले. प्रत्यक्ष यंत्रावर त्यांची रुजवात कशी करावी हे सांगितल्याखेरीज हा लेख अपुरा राहील, कारण दांड्याचे खाली जाणे म्हणजे सारा पीळच असतो असे नाही. गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक असावीच लागते, चावी खाचेत किंचित सैल असते, आणि कारखान्यात ज्याला प्ले म्हणतात तो या सगळ्यांचा मिळून दांड्यावर दिसतो. पीळ आणि प्ले यांत ओळखण्याजोगा फरक असा की, पीळ जोराच्या प्रमाणात वाढतो, आणि प्ले पहिल्या थोड्याशा जोरातच सारा संपून जातो. म्हणून ढोल पक्का बांधून टाकावा, दांडा आडवा धरावा, त्याचे स्वतःचे वजन दुसऱ्या बाजूला प्रतिभार टांगून समतोल करून घ्यावे (हे न केल्यास दांड्याच्या भाराने प्ले आधीच संपलेला असतो आणि मोजणी खोटी ठरते), आणि टोकाला चार-चार किलोची वजने एकामागून एक टांगीत, प्रत्येक वेळी टोक किती मिलिमीटर खाली आले ते पट्टीने मोजावे.

आपल्या मूळ यंत्रात चार किलो वजन अर्ध्या मीटरवर सुमारे १९.६ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि दोन्ही शाफ्टचा मिळून दांड्यावरचा ताठपणा सुमारे ५७१ न्यूटन-मीटर प्रति रेडियन असल्यामुळे टोक सुमारे १७ मिलिमीटर खाली यावयास हवे. दर चार किलोंना दर वेळी तेवढेच. समजा, पहिल्या चार किलोंना ते १९ मिलिमीटर आले आणि पुढच्या प्रत्येक चारांना १७, तर जास्तीचे दोन मिलिमीटर प्लेचे आहेत; आणि लहान गिअरच्या परिघावर ०.१ मिलिमीटर मोकळीक असली तर दांड्याच्या टोकाशी बरोबर दोन मिलिमीटर दिसतात, तेव्हा तेथे फारसे बिघडलेले नाही. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या वजनालाही १७ ऐवजी २२-२३ येऊ लागले, तर शाफ्टपलीकडचे काही तरी नमते आहे असे समजावे. बहुधा बेअरिंगचे खांब किंवा ज्या चौकटीवर ते उभे आहेत ती. गिअरचा रेटा शाफ्टला केवळ पिळीत नाही, तर वाकवितोही. वीस अंश दाबकोनाच्या दात्यांत २४०० न्यूटनच्या रेट्याबरोबरच दोन्ही शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलणारे सुमारे ८७० न्यूटनचे बल असते, आणि गिअरच्या लगत दोन्ही बाजूंना बेअरिंग नसेल तर शाफ्ट वाकून गिअर तिरपे होतात व दाते एका कडेवर झिजतात. दात्यांवर एकाच बाजूला चकाकी दिसली, तर पिळाचा हिशेब बाजूस ठेवून आधी बेअरिंगकडे पाहावे. शेवटी वजने काढून घेतल्यावर दांडा प्लेइतके अंतर सोडून मूळ जागी परतला नाही, तर चावी सरकली आहे किंवा शाफ्टने कायमचा पीळ घेतला आहे, आणि मग वरील सूत्रांना तेथे अधिकार उरत नाही. ती सूत्रे स्थितिस्थापक मर्यादेच्या आतली, आणि तीही केवळ वर्तुळाकार छेदाची आहेत. चौकोनी सळईला शाफ्ट म्हणून वापरणाऱ्याने त्यांवर विसंबू नये.

हिशेबाचा ताळा पाहण्याची एक सोपी युक्ती मात्र सांगून ठेवतो. आता उलट कल्पना करा की दांडा पक्का बांधला आहे आणि ढोलाकडून १८० न्यूटन-मीटर टॉर्क लावला आहे. दोन्ही शाफ्टमधील टॉर्क पूर्वीचेच. पण आता मोजणी दांड्याकडून सुरू होते. बारकाचा १.६४ अंशांचा पीळ मोठ्या गिअरपाशी येताना तीनाने भागला जाऊन ०.५५ होतो, त्यात जाडाचा १.४६ मिळविला की २.०१ अंश, ६.०२ चा बरोबर तृतीयांश. साठाला सहाने गुणा किंवा एकशेऐंशीला दोहोंनी, दोन्हींकडून शाफ्टमध्ये साठविलेले कार्य तेवढेच निघते, आणि निघालेच पाहिजे. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर कोठे तरी गिअरपाशी गुणाकाराच्या जागी भागाकार झालेला आहे. पाने पालटून तोच शोधावा.

त्या तरुणाने गिअर ढोलापाशी नेण्याचा नकाशा काढून आपल्या वरिष्ठांकडे धाडला. मंजुरी येईपर्यंत पावसाळा उलटून गेला. नंतर बदल झाला तेव्हा मिस्तरीने आधीच घालून ठेवलेला २५ मिलिमीटरचा शाफ्ट काढून न टाकता, त्याच व्यासाचा १३५० मिलिमीटर लांबीचा दुसरा शाफ्ट त्यांनी चढविला, आणि पूर्ण जोर दिला असता दांडा आता सव्वादोन अंशांच्या आसपासच खाली जातो.